घाटाचा चढ आणि मोटरीची जागा

दुकानात शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन विजेच्या स्कूटरी दिसायला जवळजवळ सारख्याच असतात. दिवा, आसन, पुढचा पडदा, रंग यांत फरक असतो. पण ज्या फरकामुळे एक स्कूटर भरल्या मालासह घाट चढते आणि दुसरी अर्ध्यात दम टाकते, तो फरक मागच्या चाकापाशी असतो. गिऱ्हाईक क्वचितच वाकून तिकडे पाहते. मागच्या चाकाच्या मध्यभागी जाडजूड गोल डबा दिसला आणि त्याच्या आसातून एक जाड केबल बाहेर पडताना दिसली, तर ती हब मोटर होय. चाकाचा मध्य नेहमीसारखा असून त्याला दातेरी पट्टा, साखळी किंवा गिअरची बंद पेटी जोडलेली असेल, तर मोटर गाडीच्या सांगाड्यावर बसवलेली आहे. तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. टीव्हीएसची आयक्यूब हे पहिल्या प्रकाराचे, तर पट्ट्यावर चालणारी एथर ४५० हे दुसऱ्या प्रकाराचे परिचित उदाहरण. बजाजची विजेवरची चेतक बाजारात आली तेव्हा तिच्यात गिअरपेटी होती. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या मॉडेलांत हे बदलते, म्हणून नावावर न जाता चाक पाहणे बरे.

हब मोटरीत आस स्थिर असतो आणि त्याच्यावर तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवलेल्या असतात. बाहेरच्या कवचाला आतून चुंबके चिकटवलेली असतात आणि हे कवच म्हणजेच चाक. वीज सोडली की कवच फिरते. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही, साखळी नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे मोटरीचाही एकच फेरा. मिड-ड्राइव्हमध्ये मोटर लहान असते, पण ती वेगाने फिरते, आणि पट्टा किंवा गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. हे प्रमाण आठास एक धरले, तर मोटर आठ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते आणि चाकाला आठपट जोर मिळतो. पेट्रोलच्या जुन्या स्कूटरीत आपोआप बदलणारा पट्टा हेच काम करी. चढ लागला की तो स्वतःच जोराच्या बाजूला सरके. विजेच्या बहुतेक स्कूटरींत तशी बदलती सोय नसते; मिड-ड्राइव्हमध्येही प्रमाण एकच, कायमचे ठरलेले असते. गिअरच्या सायकलीला बसवलेल्या मोटरीची गोष्ट वेगळी, कारण तिथे स्वार स्वतः गिअर बदलू शकतो.

माहितीपत्रक वाचताना पहिली गफलत इथेच होते. फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. एका पत्रकात हब मोटरीचा टॉर्क १४० छापलेला असतो, दुसऱ्यात मिड-ड्राइव्हचा २६. पाहणाऱ्याला वाटते, पहिली गाडी पाचपट दमदार. वास्तविक पहिला आकडा चाकावरचा आहे, तर दुसरा मोटरीच्या दांड्यावरचा. २६ ला आठाने गुणले तर २०८ येतात. पट्ट्यातली थोडी घट सोडली तरी चाकावर २०० च्या आसपास जोर उरतो. घाऊक भाव आणि किरकोळ भाव यांची तुलना करताना एकक एक करून घ्यावे लागते, तसेच हे. विक्रेत्याला एवढेच विचारावे की हा टॉर्क चाकावरचा की मोटरीवरचा.

आता एक चढ घेऊ. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी सुमारे बारा किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साधारण साडेपाचशे मीटर उंच चढते. सरासरी काढली तर शंभर मीटरला साडेचार-पावणेपाच मीटर. पण सरासरीने घाट चढता येत नाही. काही तुकडे सपाटीला आलेले असतात, काही जास्त तीव्र. म्हणून हिशोबासाठी शंभराला दहा मीटरचा तुकडा धरू. समजा, वाईच्या एका किराणा व्यापाऱ्याला रोज पाचगणीच्या हॉटेलांना मसाले आणि सुका मेवा पोचवायचा आहे. स्कूटर ११५ किलो, चालवणारा ७०, माल ४५. एकूण २३० किलो.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने हे ओझे नेताना टायरचे घर्षण आणि हवा एवढ्याशीच झगडावे लागते. त्याला चाकावर सुमारे अर्धा किलोवॅट शक्ती पुरते. दहा टक्क्यांचा चढ लागताच ओझे वर उचलण्याचे काम त्यात मिळते आणि त्याच वेगाला जवळजवळ २.४ किलोवॅट लागतात. म्हणजे खर्च पाचपट. बारा इंची चाक धरले तर चाकावर सुमारे ६५ न्यूटन मीटर टॉर्क सतत लागतो. हब मोटरीला हे ६५ स्वतःच द्यावे लागतात. आठास एक प्रमाण असलेल्या मिड-ड्राइव्हला आठ-साडेआठ पुरतात.

बॅटरीचा हिशोब याहून सोपा आहे. वीजबिलातले एक युनिट ते हेच युनिट. वाई ते पाचगणी ओझे वर उचलायला सुमारे एक तृतीयांश युनिट, घर्षण आणि हवेसाठी एक पंचमांश, आणि मोटर व कंट्रोलर यांतील गळती धरून एकूण सुमारे ०.७ युनिट बॅटरीतून जाते. तेच बारा किलोमीटर सपाटीवर पाव युनिटात होतात. तीन युनिटांच्या बॅटरीचा जवळजवळ चतुर्थांश एका चढात संपतो, पण संपूर्ण बॅटरी काही संपत नाही. सांगायचे ते असे की घाटात प्रथम कमी पडते ती बहुधा बॅटरी नव्हे. कमी पडते ती मोटरीची उष्णता सोसण्याची ताकद.

टॉर्क हवा तर गुंडाळीतून विजेचा प्रवाह जास्त सोडावा लागतो, आणि तांबे तापते ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट. इथे वेगाचा संबंध नाही, टॉर्कचा आहे. त्यामुळे अनेक चांगल्या चालकांना पटत नाही अशी एक गोष्ट निघते. समजा, वरच्या चढावर ताशी ३० च्या वेगाने हब मोटरीच्या तांब्यात ५०० वॅट उष्णतेत वाया जातात. गाडीला त्रास नको म्हणून चालकाने वेग १५ वर आणला. ओझे तेच, चढ तोच, म्हणून टॉर्क जवळजवळ तितकाच लागतो. वाया जाणारी वीज ५०० वरून जेमतेम ४४० वर येते. पण एक किलोमीटर चढायला आता दोन मिनिटांऐवजी चार मिनिटे लागतात. एका किलोमीटरमागे सुमारे १७ वॅट-तास उष्णता साठायची, तिथे २९ साठते, आणि वारा मात्र निम्म्या वेगाने लागतो. घाटात मुंगीच्या पावलाने जाणे हब मोटरीच्या हिताचे नसते. तिच्या आटोक्यातला मध्यम वेग धरून सलग चढणे तिला सोपे जाते. चढावर थांबावे लागले तर गाडी ब्रेकवर धरावी, मूठ अर्धी पिळून जागच्या जागी तोलून धरू नये; कारण चाक थांबलेले असताना सारा प्रवाह एक-दोन गुंडाळ्यांतूनच वाहतो. हा नियम मिड-ड्राइव्हलाही लागू आहे.

मग मिड-ड्राइव्ह थंड का राहते? एक कारण कमी टॉर्कचे, ते वर आले. दुसरे रचनेचे आहे. हब मोटरीत तापणारी गुंडाळी अगदी आत, आसावर असते. तिच्याभोवती हवेची बारीक फट, मग फिरते कवच, मग बाहेरचा वारा. उष्णतेला बाहेर पडायची वाटच अरुंद. सांगाड्यावरच्या मोटरीत गुंडाळी बाहेरच्या स्थिर आवरणाला टेकलेली असते, त्यावर पंख्यासारख्या पट्ट्या काढता येतात आणि उष्णता थेट वाऱ्यात जाते.

मोटर फार तापली की आतील तापमापक कंट्रोलरला कळवतो आणि कंट्रोलर प्रवाह कमी करतो. हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. चालकाला ते असे जाणवते: घाटाच्या पायथ्याशी गाडी ठीक चढते, सात-आठ मिनिटांनी मूठ तितकीच पिळलेली असताना वेग हळूहळू गळू लागतो, पडद्यावर एखादे चिन्ह उमटते. सावलीत पंधरा-वीस मिनिटे उभी केली की जोर परत येतो. या परत येण्यावरूनच कारण ओळखावे. बॅटरी उतरल्यामुळे जोर गेला असेल, तर विश्रांतीने फारसा फरक पडत नाही. ब्रेक चिकटला असेल तर गाडी सपाटीवरही जड चालते आणि चाकाची डिस्क किंवा ड्रम हाताला भाजतो. सेवाकेंद्रात नुसते 'गाडी चढत नाही' असे सांगितले तर तिथे ती सपाटीवर फिरवून 'ठीक आहे' म्हणून परत देतात. किती मिनिटांनी, किती ओझ्यासह, बॅटरी किती टक्के असताना, आणि थांबल्यावर जोर परत आला की नाही, हे चार तपशील लिहून द्यावेत.

एवढ्यावरून हब मोटर घाटाला नालायक ठरत नाही. सतत तीन किलोवॅट देऊ शकणारी चांगली हब मोटर वरच्या व्यापाऱ्याचे २३० किलो पसरणी घाटातून नेईल. तिची कसोटी लागते ती अरुंद, उभ्या गल्लीत. शंभराला वीस मीटरच्या चढावर तेच ओझे सुमारे ११२ न्यूटन मीटर मागते. मागे साठ किलोचे माणूस बसले की १४१. पत्रकात १४० छापलेली गाडी इथे नेमकी काठावर येते, आणि तो आकडाही कमाल असतो, काही सेकंदांपुरता. चाकावर २०० देणारी मिड-ड्राइव्ह तिथून निमूटपणे निघून जाते.

खरी फसगत होते ती लहान गाड्यांत. ज्या गाडीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, बॅटरी सोडून वजन साठ किलोच्या आत असते, तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. म्हणून दुकानाच्या मुलासाठी किंवा घरातल्या ज्येष्ठांसाठी ती आवडीने घेतली जाते. यांत बहुधा हब मोटरच असते. 'तीस मिनिटांची शक्ती' हा शब्द समजून घेण्यासारखा आहे: मोटर अर्धा तास सलग जी शक्ती देऊ शकते ती. क्षणभर ती याहून अधिक देते, पण घाट क्षणभराचा नसतो. चालक आणि वीस किलो माल धरून १६० किलो ओझे दहा टक्क्यांच्या चढावर २५० वॅटवर नेले, तर वेग ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. मंडईपर्यंतच्या सपाट रस्त्याला ही गाडी उत्तम. टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दुरुस्तीच्या खात्यात मात्र जमाखर्च उलटा दिसतो. हब मोटरीत झिजणारे भाग फार थोडे: दोन बेअरिंग, एवढेच म्हटले तरी चालेल. तेल नाही, पट्टा नाही, ताण तपासणे नाही. सपाट शहरात वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहावेही लागत नाही. पण जेव्हा पाहावे लागते तेव्हा काम साध्या पंक्चरवाल्याच्या हातचे राहत नाही. ट्यूबलेस टायरचे साधे छिद्र चाक न काढता बुजते. टायर बदलायचा झाला तर चाक, म्हणजेच मोटर, खाली उतरवावी लागते. तिच्या आसातून तीन जाड तारा आणि पाच बारीक तारा बाहेर येतात. जाड तारा शक्तीच्या, बारीक तारा चाकाची स्थिती कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या. त्या सोडवून पुन्हा जशाच्या तशा जोडाव्या लागतात. आसाच्या चपट्या बाजूला अडकणारा एक खास वायसर असतो. मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा आसाला तितक्याच जोराने मागे फिरावेसे वाटते. हा वायसर त्याला रोखून धरतो. घाईत तो बसवायचा राहिला किंवा नट सैल राहिला, तर एखाद्या दिवशी चढावर पूर्ण मूठ पिळताच आस गरकन फिरतो आणि आठही तारा पिळून तुटतात. मागचे चाक काढले असेल तर घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांनी तो नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्यावा, असा दंडक ठेवलेला बरा.

पावसाळ्यात दुसरे दुखणे निघते. केबल आसात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल ठेवावा लागतो, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी गळून पडते. केबल ताणून सरळ बांधली तर पाणी थेट मोटरीत उतरते. मग आधी बेअरिंग घुरघुरते, पुढे हॉल सेन्सर जातो. त्याची खूण स्पष्ट असते: गाडी जागेवरून निघताना थरथरते, हिसके देते, कधी निघतच नाही, पायाने जरा ढकलली की चालू लागते. सेन्सर स्वतः स्वस्त असतो. पण त्यासाठी मोटर उघडावी लागते, आणि आतल्या चुंबकांची ओढ इतकी जबर असते की खेचणीशिवाय उघडणाऱ्याची बोटे चिरडू शकतात. म्हणून पुष्कळ सेवाकेंद्रे दुरुस्तीऐवजी पूर्ण चाकच बदलायला सांगतात. खड्ड्यात रिम वाकली तरी बहुधा तेच उत्तर मिळते, कारण रिम आणि मोटर एकजीव असतात. वजन चाकात असल्याने खड्ड्याचा ठोकाही त्या चाकाला अधिक बसतो. शॉकॲब्सॉर्बर मोटरीच्या वर असतो, खाली नव्हे.

आणखी एक खूण जाणून ठेवावी. किल्ली बंद असताना चाक हाताने फिरवले आणि ते दाते लागल्यासारखे अडखळत, जड फिरले, तर ताबडतोब मोटरीवर आळ घेऊ नये. तंत्रज्ञाला तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवून पुन्हा फिरवायला सांगावे. चाक मोकळे झाले तर दोष कंट्रोलरात आहे; तसेच जड राहिले तर मोटरीत किंवा तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ही पाच मिनिटांची परीक्षा न करता नव्या मोटरीचे अंदाजपत्रक कोणी पुढे केले, तर सही करण्याची घाई नको.

मिड-ड्राइव्हचा खर्च लहान लहान आणि नेमाचा असतो. साखळी असेल तर ती धुणे, तेल देणे, सैलपणा काढणे. पट्टा असेल तर ताण आणि सरळपणा तपासणे. सैल पट्टा चढावर दात सोडतो, 'टक् टक्' असा आवाज येतो. फाजील ताणलेला पट्टा मोटरीचे बेअरिंग खातो. धुळीच्या दिवसांत पट्टा कुरकुरतो, त्याने घाबरू नये, पण दातांच्या मुळाशी चिरा दिसल्या किंवा कडेचे धागे सुटले तर तो तुटण्याची वाट पाहू नये. घाटात पट्टा तुटला की मोटर फिरते, चाक नाही. गिअरपेटी असेल तर तिचे तेल ठरल्या वेळी बदलणे आणि सीलमधून गळते का ते पाहणे. मागचे पंक्चर मात्र कोणत्याही खेड्यातला कारागीर काढून देतो, आणि मोटर जागची हलत नाही.

एकूण कल असा की ज्याचा रोजचा रस्ता सपाट आहे आणि दुकानापासून सेवाकेंद्र जवळ आहे, त्याने पट्ट्याच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. ज्याला भरल्या मालासह रोज घाट आहे, त्याने मिड-ड्राइव्हच घ्यावी. महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्याला मध्यम शक्तीची हब मोटर चालते. पैसे देण्यापूर्वी दोन किमती लेखी मागाव्यात: मोटरसह पूर्ण मागच्या चाकाची, आणि पट्टा व त्याच्या दातेरी चक्रांची. आणि चाचणीची फेरी दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर न घेता, मागे माणूस बसवून, परिसरातल्या सर्वांत उभ्या चढावर घ्यावी. मधेच थांबून पुन्हा निघावे, आणि खाली येऊन लगेच दुसऱ्यांदा चढावे. पहिल्या चढाला प्रत्येक मोटर थंड असते.

उतरतानाची एक गोष्ट राहिली. उताराला दोन्ही प्रकारच्या मोटरी उलट्या चालून थोडी वीज बॅटरीत परत भरू शकतात आणि गाडीला रोखूनही धरतात; कंपनीने ती सोय ठेवली असेल तर. पण पाचगणीला बॅटरी शंभर टक्के भरून घाट उतरायला लागले, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, कंट्रोलर ही सोय बंद करतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. वर चार्जिंग करायचेच असेल तर ते ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवावे. वाईला पोचेपर्यंत तेवढी पुरून उरते.